एका महिन्यात दोन निकाल: प्रौढ माणसाच्या मेंदूत नव्या चेतापेशी जन्माला येतात का?

मार्च 2018 मध्ये ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध आला. माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी जोडलेल्या भागात, नव्या चेतापेशी तयार होण्याचं काम लहानपणीच झपाट्याने मंदावतं आणि प्रौढांमध्ये त्याचा मागमूसही सापडत नाही, असं त्यात म्हटलं होतं. महिनाभरातच, एप्रिलमध्ये, ‘सेल स्टेम सेल’मध्ये दुसरा निबंध आला. त्यानुसार निरोगी माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी सत्तरीच्या पुढेही तयार होत राहतात. पहिला निबंध सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या आर्तुरो अल्वारेझ-बुय्या यांच्या गटाचा होता आणि त्याचे पहिले लेखक शॉन सॉरेल्स होते. दुसरा कोलंबिया विद्यापीठातल्या माउरा बोल्द्रिनी यांच्या गटाचा. दोघांनी माणसाचाच मेंदू तपासला, मेंदूचा भागही तोच आणि खुणेसाठी वापरलेली प्रथिनंही बरीचशी तीच.

असं झालं की बातम्यांमध्ये ‘शास्त्रज्ञांमध्ये मतभेद’ एवढ्यावर विषय संपतो. मला मात्र हे प्रकरण मतांपेक्षा मोजमापाचं वाटतं. दोन्ही गटांनी सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहिलं ते कसं पाहिलं, हे नीट तपासलं तर वाद नेमका कुठे अडला आहे ते कळतं.

जागेची थोडी ओळख करून घेऊ. हिप्पोकॅम्पसच्या आत डेंटेट जायरस नावाची इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली एक पट्टी असते. तिच्यात कणपेशी म्हणजे ग्रॅन्युल सेल्स दाटीवाटीने बसलेल्या असतात. माणसात एका बाजूला साधारण दीड कोटी. उंदराच्या मेंदूत या पट्टीच्या आतल्या कडेला मूलपेशींचा एक पातळ थर आयुष्यभर टिकतो. त्या मूलपेशी विभागतात, त्यातून कोवळ्या चेतापेशी निघतात, त्यातल्या बऱ्याच मरतात आणि उरलेल्या काही आठवड्यांत जुन्या जाळ्यात सामील होतात. तरुण उंदरांच्या मोठ्या जातीत, म्हणजे रॅटमध्ये, दिवसाला सुमारे 9000 नव्या पेशी जन्मतात असं 2001 मध्ये हेदर कॅमेरॉन आणि रोनाल्ड मॅके यांनी मोजलं होतं. कृंतक प्राण्यांबद्दल आज कुणाचीही शंका नाही. शंका आहे ती माणसाबद्दल.

उंदरांबाबतही ही खात्री सहज पटली नव्हती. जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी 1965 मध्येच किरणोत्सारी थायमिडीन वापरून रॅटच्या डेंटेट जायरसमधल्या नव्या पेशी दाखवल्या होत्या. विभागणाऱ्या पेशीला नवा डीएनए बांधायला थायमिडीन लागतं, म्हणून टोचलेलं किरणोत्सारी थायमिडीन नव्याने जन्मलेल्या पेशीतच जाऊन बसतं. तरीही पुढची वीसएक वर्षं बहुतेकांनी त्याकडे काणाडोळा केला. प्रौढ मेंदूत नवी चेतापेशी होत नाही, हा समज फार घट्ट होता.

माणसाच्या बाबतीत हा प्रयोग करायचा तर एखाद्याला डीएनएत बसणारं रसायन टोचावं लागेल आणि मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासावा लागेल. अशी संधी एकदा मिळाली. स्वीडनमधल्या काही कर्करुग्णांना गाठ किती वेगाने वाढते हे पाहण्यासाठी ब्रोमोडीऑक्सीयुरिडीन दिलं गेलं होतं. त्यातल्या पाच जणांचे मेंदू मृत्यूनंतर पीटर एरिक्सन आणि फ्रेड गेज यांच्या गटाने तपासले आणि 1998 मध्ये डेंटेट जायरसमध्ये हे रसायन असलेल्या चेतापेशी सापडल्याचं जाहीर केलं. पुरावा थेट होता, पण माणसं पाचच आणि तीही आजारी. शिवाय हे रसायन डीएनएची दुरुस्ती चालू असलेल्या पेशीतही थोडंफार शिरू शकतं. त्याचे दुष्परिणाम पाहता निरोगी माणसांवर हा प्रयोग करण्याचा प्रश्नच नव्हता.

त्यामुळे 2018 च्या दोन्ही गटांनी जो मार्ग घेतला तो अप्रत्यक्ष होता. पेशी कधी जन्मली हे बघता येत नाही, तर ती कोवळी दिसते का ते बघायचं. कोवळ्या चेतापेशीत डबलकॉर्टिन नावाचं प्रथिन असतं. पेशी जागा शोधत सरकते आणि फांद्या फुटतात त्या काळात तिच्या आतल्या सांगाड्याला ते धरून ठेवतं. पेशी मोठी झाली की उंदरात हे प्रथिन जवळपास नाहीसं होतं. पेशीच्या पृष्ठभागावरची दुसरी खूण, पीएसए-एनकॅम, हीही कोवळेपणाशी जोडलेली आहे. मेंदूचे पातळ काप घ्यायचे, या प्रथिनांना चिकटणारे प्रतिपिंड त्यावर सोडायचे, त्या प्रतिपिंडांना चकाकणारा रंग जोडायचा आणि मोजायचं.

सॉरेल्स यांच्याकडे 59 नमुने होते. त्यात गर्भापासून वृद्धांपर्यंतच्या वयाचे मेंदू होते, बहुतेक मृत्यूनंतर मिळालेले, तर काही अपस्माराच्या शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे. डबलकॉर्टिन आणि पीएसए-एनकॅम या दोन्ही खुणा एकाच पेशीत दिसल्या तरच ती पेशी कोवळी धरायची, असा त्यांचा निकष होता. जन्माच्या सुमारास दर चौरस मिलिमीटरला अशा साधारण 1600 पेशी होत्या. एका वर्षाच्या वयात सुमारे 300. सातव्या वर्षी बारा आणि तेराव्या वर्षी दोन-तीन. अठरा वर्षांपुढच्या एकाही मेंदूत अशी पेशी नाही. उंदरात मूलपेशींचा जो सलग थर असतो तो माणसात लहानपणीही नीट जमत नाही, हे त्यांचं निरीक्षण मला आकड्यांइतकंच महत्त्वाचं वाटतं.

बोल्द्रिनी यांनी 14 ते 79 वर्षांच्या 28 जणांचे मेंदू घेतले. अचानक मृत्यू आलेली, मेंदूचा किंवा मनाचा आजार नसलेली माणसं त्यांनी मुद्दाम निवडली. एखाद्या कापातली घनता मोजण्याऐवजी हिप्पोकॅम्पसच्या पुढच्या टोकापासून मागपर्यंत ठरावीक अंतरावरचे काप घेऊन त्यांनी एकूण संख्येचा अंदाज बांधला. मूलपेशी आणि चेतापेशी यांच्या मधल्या टप्प्यातल्या पेशी आणि हजारो कोवळ्या चेतापेशी त्यांना सगळ्या वयांत साधारण सारख्याच सापडल्या. वयाबरोबर घटत होत्या त्या निद्रिस्त मूलपेशी आणि नव्या रक्तवाहिन्या.

इथे एक हिशेब करून पाहू, म्हणजे ‘सापडल्या नाहीत’ या शब्दांचं वजन कळेल. पेशींच्या खुणांशी काहीही संबंध नसलेला एक आकडा आपल्याकडे आहे, तो स्टॉकहोममधल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या योनास फ्रिझेन यांच्या गटाचा. 1950 च्या दशकापासून जमिनीवर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-14 हे किरणोत्सारी कार्बन चढलं आणि 1963 च्या चाचणीबंदी करारानंतर उतरू लागलं. पेशी जन्मताना तिचा डीएनए त्या वर्षीचा कार्बन घेतो आणि नंतर बदलत नाही. म्हणून चेतापेशींच्या केंद्रकांचा डीएनए वेगळा काढून त्यातलं कार्बन-14 मोजलं की त्या पेशी सरासरी कधी जन्मल्या हे सांगता येतं. किर्स्टी स्पाल्डिंग यांच्या 2013 च्या निबंधात निष्कर्ष असा होता की प्रत्येक हिप्पोकॅम्पसमध्ये दिवसाला सुमारे 700 नव्या चेतापेशींची भर पडते आणि वयाबरोबर तो वेग थोडासाच घटतो.

आता 700 हा आकडा खरा मानू. कोवळेपणा उंदराइतका, म्हणजे तीन आठवडे टिकत असेल, तर कुठल्याही एका दिवशी एका हिप्पोकॅम्पसमध्ये 700 गुणिले 21, म्हणजे पंधराएक हजार कोवळ्या पेशी असायला हव्यात. माकडांमध्ये नव्या कणपेशीला पक्व व्हायला सहा महिन्यांहून जास्त लागतात. माणसात तेवढाच काळ धरला तर हा आकडा सव्वा लाखावर जातो. हिप्पोकॅम्पसची लांबी चार-साडेचार सेंटिमीटर आणि कापाची जाडी 30 मायक्रॉन धरली तर साधारण 1400 काप होतात. म्हणजे सरासरी प्रत्येक कापात दहा ते नव्वद कोवळ्या पेशी दिसायला पाहिजेत. शिवाय 700 या आकड्यात टिकून राहिलेल्या पेशीच आहेत. वाटेत मेलेल्या धरल्या तर संख्या वाढेलच.

हा ढोबळ हिशेब एक पळवाट बंद करतो. ‘पेशी इतक्या विरळ असतात की हुकल्या असतील’ असं म्हणून दोन्ही निकाल एकत्र नांदवता येत नाहीत. दहा पेशींची अपेक्षा असलेले कितीतरी काप पाहूनही शून्य येत असेल तर कुठेतरी चूक आहे: एकतर कार्बनचा हिशेब फुगलेला आहे, किंवा पेशी समोर असूनही रंग घेत नाहीत.

दुसऱ्या शक्यतेचा माग माद्रिदमधल्या मारिया योरेन्स-मार्तिन यांच्या गटाने घेतला. मृत्यूनंतर मेंदू फॉर्मल्डिहाइडमध्ये ठेवतात. ते रसायन प्रथिनांना एकमेकांशी जखडून ठेवतं, म्हणून ऊती कुजत नाही. पण जखडण जास्त झाली की प्रतिपिंडाला चिकटायची जागाच झाकली जाते. मेंदूपेढ्यांमध्ये मेंदू महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं असे पडून असतात. या गटाने एकाच मेंदूचे तुकडे वेगवेगळ्या काळासाठी द्रावणात ठेवले. व्यक्ती तीच, पेशी त्याच, बदलला फक्त वेळ. जितका वेळ जास्त, तितक्या डबलकॉर्टिनच्या पेशी कमी दिसल्या. मग नेमक्या वेळेत प्रक्रिया केलेल्या ऊतींवर त्यांनी खरी मोजणी केली. 2019 मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या या निबंधात 43 ते 87 वर्षांच्या 13 निरोगी व्यक्तींच्या डेंटेट जायरसमध्ये भरपूर कोवळ्या पेशी होत्या. वयाबरोबर त्या थोड्या घटत होत्या आणि अल्झायमरच्या 45 रुग्णांमध्ये त्याहून बऱ्याच कमी होत्या.

म्हातारपणाची आणखी एक गोम आहे. उतारवयात चेतापेशींमध्ये लिपोफ्युसिन नावाचं रंगद्रव्य साठतं आणि ते प्रकाश पडला की आपोआप चकाकतं. रंगवलेली पेशी आणि आपणहून चकाकणारी पेशी यांतला फरक नीट केला नाही तर भासालाच मोजलं जातं. म्हणून ती चकाकी आधी रसायनाने शमवावी लागते. यात चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते: एकाला नसलेल्या पेशी दिसतात, तर दुसरा सावधगिरीपायी खऱ्याही वगळतो.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की सॉरेल्स यांची ऊती खराब होती आणि विषय मिटला. पण त्यांच्या बाजूने दोन गोष्टी आहेत, आणि त्या मला सहज झटकता येत नाहीत. पहिली अशी की त्यांच्याच पद्धतीने, त्याच रंगांनी, बाळांच्या मेंदूत पेशी उत्तम दिसल्या. मृत्यूनंतर मेंदू द्रावणात जाईपर्यंतच्या विलंबाने प्रथिन नष्ट होत असेल तर ते बाळांतही व्हायला हवं. विरोधकांचं उत्तर असं की बाळात पेशी हजारोंनी आणि प्रथिन भरपूर, त्यामुळे निम्मं गेलं तरी दिसतं. मोठ्यांत मुळातच थोडं, ते पुसलं जातं. दुसरी गोष्ट शस्त्रक्रियेतल्या तुकड्यांची. ते जिवंत माणसातून काढून लगेच द्रावणात गेलेले असतात, म्हणजे मृत्यूनंतरचा विलंब शून्य. तिथेही प्रौढांत कोवळ्या पेशी नव्हत्या. यावर अपस्मारग्रस्त हिप्पोकॅम्पस निरोगी नसतोच, ही हरकत रास्त आहे. पण विलंबाची सबब तिथे चालत नाही, हेही तितकंच खरं.

आणि मग सॉरेल्स-अल्वारेझ यांचा सगळ्यात धारदार मुद्दा येतो: डबलकॉर्टिन दिसलं म्हणजे पेशी नवी, हे गृहीतच धरू नका. माद्रिदच्या गटाने आणि बोल्द्रिनींनी मोजलेल्या अनेक पेशींचा घाट मोठा आणि फांद्या पसरलेल्या, म्हणजे पक्व पेशीसारखा आहे, असं त्यांचं म्हणणं. हा नुसता तर्क नाही. त्यांच्याच गटाने 2019 मध्ये माणसाच्या अमिग्डालामधल्या, म्हणजे मेंदूच्या भावनांशी जोडलेल्या भागातल्या, एका कोपऱ्यात डबलकॉर्टिन असलेल्या कोवळ्या पेशी प्रौढ वयातही दाखवल्या. त्यांतल्या बहुतेक जन्माच्या आधीच तयार झालेल्या असतात आणि वर्षानुवर्षं कोवळ्याच राहतात. कोवळं आणि नवं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंदरात त्या जवळपास एकच असल्यामुळे तिथून शिकलेली खूण माणसावर लावताना आपण हा फरक विसरतो. खरं नवेपण सिद्ध करायचं तर कोवळी पेशी नुसती दाखवून भागत नाही. तिला जन्म देणारी, विभागत असलेली पूर्वज पेशीही त्याच जागी दाखवावी लागते. बोल्द्रिनींच्या निकालावरची माझी शंका इथेच आहे: मधल्या टप्प्यातल्या पेशी त्यांनी मोजल्या, पण त्या खरोखर चेतापेशींच्याच पूर्वज आहेत, चेतापेशींना आधार देणाऱ्या, विभागत असलेल्या ग्लायल पेशी नाहीत, हे त्या चित्रांवरून पुरेसं पटत नाही.

कार्बनच्या आकड्यावरही शंका घेता येते, कारण केंद्रकं वेगळी काढताना ग्लायल पेशींची भेसळ झाली तर सरासरी वय खोटंच तरुण दिसेल. पण त्याच प्रयोगशाळेने तीच पद्धत मेंदूच्या बाह्यकावर आणि वासाशी संबंधित घ्राणकंदावर वापरली तेव्हा उत्तर उलट आलं: तिथल्या चेतापेशी व्यक्तीच्याच वयाच्या होत्या. घ्राणकंदात उंदराला आयुष्यभर नव्या पेशी मिळतात, माणसाला जवळपास नाही, हे याच मोजणीतून कळलं. पद्धत सगळीकडे ‘नव्या पेशी आहेत’ असंच सांगत असती तर तिच्यावर अविश्वास ठेवता आला असता. ती ठिकाणागणिक वेगळं सांगते, म्हणून मी तिला या प्रकरणातला सर्वांत वजनदार पुरावा मानतो. दिवसाला 700 हा आकडा मात्र गणिती प्रतिमानातून आलेला आहे, तो नेमका धरू नये.

2018 नंतर हा वाद प्रथिनांवरून आरएनएवर, म्हणजे पेशीत चालू असलेल्या जनुकांच्या प्रतींवर सरकला. आता एकेका केंद्रकातले हजारो जनुकांचे आरएनए वाचता येतात, त्यामुळे एका खुणेवर विसंबायची गरज राहिली नाही, असं वाटलं होतं. प्रत्यक्षात 2022 मध्ये पुन्हा दोन निकाल आले. येल विद्यापीठातल्या नेनाद शेस्तान यांच्या गटाने डुक्कर, माकड आणि माणूस यांची तुलना केली. डुक्कर आणि माकडात मूलपेशीपासून कणपेशीपर्यंतची सलग साखळी मिळाली. प्रौढ माणसात ती जवळपास नव्हतीच. डबलकॉर्टिनचा आरएनए तर भलत्याच, म्हणजे इतर पेशींना शांत करणाऱ्या निरोधक चेतापेशींतही होता. पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या होंगजुन सॉन्ग आणि गुओ-ली मिंग यांच्या गटाने मात्र बाळांच्या कोवळ्या कणपेशींचा नमुना संगणकाला शिकवून प्रौढांत तशाच पेशी शोधल्या आणि त्यांना त्या सर्व वयांत सापडल्या. या पद्धतीतला धोका उघड आहे: एका ठरावीक चेहऱ्याचा शोध घ्यायला सांगितलं की थोडंफार साम्य असलेले चेहरेही हाती लागतात. आणि उलट बाजूचा धोकाही तितकाच खरा आहे, कारण लाखो केंद्रकांत दहा-वीस पूर्वज पेशी असतील तर गट पाडणारी गणिती पद्धत त्यांना शेजारच्या मोठ्या गटात ढकलून देते.

जुलै 2025 मध्ये फ्रिझेन यांच्याच गटाने ‘सायन्स’मध्ये नेमक्या या अडचणीवर बोट ठेवलं. सगळी केंद्रकं वाचत बसण्याऐवजी त्यांनी आधी विभागणीची खूण असलेली केंद्रकं वेगळी काढली, म्हणजे दुर्मीळ पूर्वज पेशींचं प्रमाण वाढवलं, आणि मग त्यांचे आरएनए वाचले. काही प्रौढांमध्ये विभागणाऱ्या चेता-पूर्वज पेशी मिळाल्या आणि ऊतीच्या कापात त्या डेंटेट जायरसमध्येच बसलेल्या दाखवता आल्या. अल्वारेझ-बुय्या ज्या दुव्याची मागणी करत होते तोच हा दुवा. पण पेशी सगळ्या प्रौढांत सारख्या नव्हत्या; काहींत बऱ्यापैकी, काहींत जवळपास नाहीत.

हा फरक विचारात घेतला तर 2018 चा पेच थोडा सैल होतो. बोल्द्रिनींनी निवडलेली माणसं आणि अपस्माराच्या शस्त्रक्रियेला आलेली माणसं एकाच सरासरीभोवती घुटमळतील अशी अपेक्षाच चुकीची असू शकते. असं असलं तरी काही प्रौढांत पूर्वज पेशी असणं आणि दिवसाला 700 चेतापेशी जुन्या जाळ्यात जोडल्या जाणं, यांत मोठं अंतर आहे. ते भरायला हवी अशी मोजणी, जी त्याच मेंदूत आधी कार्बन-14 मोजेल, मग ठरलेल्या वेळेत द्रावणात ठेवलेल्या कापांत पूर्वज आणि कोवळ्या पेशी मोजेल आणि दोन्ही आकडे वरच्या हिशेबासारखे समोरासमोर ठेवेल. त्यासाठी मृत्यूनंतर काही तासांत मेंदू हाती यावा लागतो, एक अर्धा भाग गोठवून आणि दुसरा द्रावणात ठेवावा लागतो, आणि कोणता तुकडा किती तास कुठे होता याची नोंद तासागणिक ठेवावी लागते.